फोटोवरून माप

आमच्या रत्नागिरीत 'मापाचं ब्लाऊज' म्हणून एक चीज प्रत्येक बाईच्या कपाटात असते. रंग उडालेला, हुक एखाददुसरा तुटलेला, घालायच्या उपयोगाचा नाही, पण टाकून द्यायचा नाही म्हणजे नाही. नवीन ब्लाऊज शिवायला टाकताना तो पिशवीतून जातो आणि नव्याबरोबर परत येतो. शिंपी बदलला तरी ब्लाऊज तोच. बाईने स्वतः दुकानात जायचीसुद्धा गरज नसते, शाळेतून येता येता पोरगी पिशवी टाकून येते.

यातली गंमत अशी की लांबून कपडे घेणं हा प्रकार कोकणाला नवा नाही. इंटरनेट यायच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे ते चालू होतं. मुंबईचा चाकरमानी गणपतीला यायचा तेव्हा ट्रंकेत घरच्या सगळ्यांचे कपडे असायचे. आधी बोटीने, मग एस.टी.ने आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने. बायकापोरं गावी, कपडे लालबाग-परळच्या दुकानातून घेतलेले. मग माप कसं कळायचं? पोराचा जुना सदरा नेलेला असायचा, किंवा छातीभोवती गुंडाळून गाठ मारलेली सुतळी पाकिटातून गेलेली असायची. साडीला तर मापाचा प्रश्नच नव्हता. आणि पोरासाठी दोन बोटं मोठंच घ्यायचं, हा नियम होता.

आता सुतळीच्या जागी फोटो आला आहे. "आईचा फुल साईझ फोटो पाठव, मी इथून ऑर्डर करते," हे वाक्य निदान आमच्या नातेवाइकांत तरी वरचेवर ऐकू येतं. फोटो बघून माणूस अंदाज बांधतो, किंवा एखादं ॲप बांधतं, आणि पार्सल रत्नागिरीला येऊन पोचतं. निम्म्या वेळा परतही जातं. फोटोत माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, सुतळीत तर काहीच दिसत नाही. तरी सुतळीचं माप बरोबर यायचं आणि फोटोचं का चुकतं, हे मला जरा खोदून बघावंसं वाटलं. खोदत गेल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे, आणि त्याची सुरुवात कपड्यांपासून झालेलीच नाही.

फोटोग्राफी नवी होती त्या काळात युरोपातल्या शास्त्रज्ञांना वाटलं, आता जगातल्या सगळ्या माणसांची मापं घरबसल्या घेता येतील. १८६९ साली लंडनमध्ये जॉन लॅम्प्री नावाच्या माणसाने एक चौकट बनवली. सात फूट उंच, तीन फूट रुंद, लाकडाची. तिच्यावर बारीक खिळे ठोकून रेशमी दोरे ताणले होते, उभे आणि आडवे, दोन-दोन इंचांचे चौकोन पाडत. माणसाला या जाळीपुढे कपडे उतरवून उभं करायचं, फोटो काढायचा, आणि मग चौकोन मोजून त्याची उंची, खांदे, हात सगळं ठरवायचं. त्याच वर्षी थॉमस हक्स्ले यांनी साम्राज्यातल्या लोकांचे असे फोटो जमवायची योजना आखली. समोरून एक, बाजूने एक, शेजारी मापाची पट्टी, अंगावर कपडे नाहीत. ती योजना फारशी चालली नाही. जिथे लोकांना नाही म्हणायची सोय होती तिथे ते कपडे उतरवायला तयार झाले नाहीत, आणि बरंच झालं. जिथे ती सोय नव्हती तिथे मात्र असे फोटो निघाले. आपल्या अंदमानात मॉरिस पोर्टमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८९० च्या दशकात तिथल्या आदिवासींना चौकड्यांच्या पडद्यापुढे उभं करून फोटो काढले. ते आज बघताना आधी त्या माणसांच्या चेहऱ्यांकडेच लक्ष जातं, चौकोन मोजायचं सुचत नाही.

पण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या जाळीतच आहे. ती जाळी मुळात लागली कशाला? कारण फोटोत माप नसतं. फोटोत फक्त प्रमाण असतं. लहान माणूस जवळ उभा राहिला आणि मोठा लांब उभा राहिला, तर फोटोत दोघं सारखेच. शेजारी काहीतरी ठरलेल्या मापाचं असल्याशिवाय फोटो इंचाबद्दल काही सांगू शकत नाही. हे लॅम्प्रीला कळलं होतं.

बरं, जाळी लावूनही पूर्ण भागत नाही. जाळी माणसाच्या मागे असते. समजा कॅमेऱ्यापासून जाळी चार मीटरवर आहे आणि माणूस तिच्या एक फूट पुढे आहे. मग माणूस कॅमेऱ्याला जवळ, जाळी लांब, त्यामुळे जाळीच्या चौकोनांवर तो माणूस खऱ्यापेक्षा आठ टक्के मोठा दिसणार. आता घरातला फोटो घ्या. माणूस मोबाइलपासून दोन मीटरवर आणि त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर दार. "दार सहा फुटांचं आहे, त्यावरून काढू उंची" असं कुणी म्हणालं, तर उत्तर पंचवीस टक्के मोठं येईल. सव्वापाच फुटांची बाई साडेसहा फुटांची! उंची आपल्याला माहीत असते म्हणून ही चूक लगेच पकडली जाते. छाती माहीत नसते, म्हणून तिथली पकडली जात नाही.

याच काळात पॅरिसमध्ये पोलीस खात्यातला आल्फाँस बर्तियाँ गुन्हेगार ओळखायची पद्धत बसवत होता. त्याच्याकडे फोटोंचा ढीग होता. तरी १८८० च्या दशकात त्याने काय केलं, तर प्रत्येकाची अकरा मापं कॅलिपरने आणि पट्टीने अंगावरून घेतली, आणि फोटो सोबत जोडला तोही ठरलेल्या अंतरावरून, ठरलेल्या पद्धतीने, एक समोरून आणि एक बाजूने. म्हणजे फोटोवर ज्याची रोजीरोटी चालली होती, त्यानेही माप म्हणून फोटो धरला नाही.

आता आपण रत्नागिरीत परत येऊ. फुल साईझ फोटो हा शब्द आपल्याकडे आला तो लग्नाच्या बाजारातून. मुलीचा फोटो पाठवायचा तर तो उभा, डोक्यापासून चपलेपर्यंत. स्टुडिओत जायचं, मागे रंगवलेला पडदा, शेजारी खांब किंवा फुलदाणीचा स्टूल. तो स्टूल पण गमतीचा. पलीकडची मंडळी स्टुलावरून उंची ताडायचा प्रयत्न करत, आणि फोटोग्राफर हुशार असेल तर स्टूल मुद्दाम बुटका ठेवी. लॅम्प्रीची जाळी आणि हा स्टूल, काम एकच. एकाला खरं माप हवं होतं आणि दुसऱ्याला जरा मोठं, एवढाच काय तो फरक.

पण त्या स्टुडिओवाल्याची एक गोष्ट मोलाची होती. तो कॅमेरा कुठे ठेवायचा? उभ्या माणसाचा पूर्ण फोटो काढताना स्टँडवरचा कॅमेरा साधारण कंबरेच्या उंचीला असे, आणि चांगला लांब. दोन भिंगांचे एकावर एक असलेले कॅमेरे आठवतात का? फोटोग्राफर मान खाली घालून वरून आत बघायचा. तो कॅमेरा तर पोटाशीच धरलेला असे. त्यामुळे माणूस सरळ समोरून दिसे, डोकं आणि पाय कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. मोबाइल आपण धरतो तो डोळ्यासमोर. आणि मोबाइलचं भिंग रुंद कोनाचं असल्याने आपण उभे राहतो तेही जवळ, सहासात फुटांवर. मग पाय फ्रेममध्ये येत नाहीत, म्हणून मोबाइल खाली झुकवतो. सगळा घोळ या झुकवण्यात आहे.

एक खरं उदाहरण घेऊन हिशेब करू या. माझी मामी रत्नागिरीत असते, वय पासष्टच्या पुढे, सगळा जन्म साडीत गेला. लेकीकडे अमेरिकेला जायचं ठरलं, तेव्हा लेकीने फर्मान काढलं की इथे थंडीत साडी झेपणार नाही, दोन कुर्ते घेऊन ये, मीच ऑर्डर करून घरी पाठवते. फोटो मागवला. भाच्याने व्हरांड्यात उभं करून मोबाइलवर फोटो काढला. मामीने विचारलंही, "अरे, फोटोत पदर नीट घेऊ की माप दिसायला नको घेऊ?" लेकीने तिथे बसून फोटोवर पट्टी लावली, उंची माहीत होतीच, पाच फूट दोन इंच. छाती निघाली साडेअडतीस. सैल बरा म्हणून ४० नंबर मागवला. कुर्ता आला तो मामीच्या अंगावर तंबूसारखा. खांद्याची शिवण दंडावर आलेली.

नंतर टेप लावला तेव्हा मामीची छाती निघाली ३४ इंच, फार तर एखादा दोरा कमी. म्हणजे फोटोने जवळजवळ पाच इंच वाढवले. कुठून आले हे पाच इंच?

मी त्या फोटोवरून हिशेब मांडून बघितला. मोबाइल जमिनीपासून दीड मीटरवर, मामी दोन मीटरवर. मधोमध मामी यावी म्हणून मोबाइल साधारण अठरा अंश खाली झुकलेला. या झुकण्यामुळे वरचा भाग मोठा येतो आणि खालचा लहान. पावलं डोक्याच्या मानाने वीस टक्के लहान झालेली असतात. आता लेकीने काय केलं, तर फोटोतली पूर्ण उंची मोजली आणि तिला १५७ सेंटिमीटर मानलं. त्या उंचीत आखडलेले पायही आले, त्यामुळे पूर्ण उंची फोटोत कमी भरली. आणि त्या पट्टीने मोजली छाती, जी वरच्या, मोठ्या झालेल्या भागात आहे. त्यामुळे छातीची रुंदी दहा टक्क्यांनी जास्त निघाली. खरी रुंदी ३२ सेंटिमीटर, फोटोतली साधारण साडेपस्तीस. कंबरेखाली हीच चूक पाचच टक्के येते. म्हणजे मोबाइल नुसता सगळा माणूस मोठा करत नाही, तो त्याचा आकारच बदलतो. फक्त या एका कारणाने ३४ ची छाती सदतीसच्या वर गेली.

मोबाइल झुकवला नाही, गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ धरला, तर ही चूक होत नाही. पण डोळ्याच्या उंचीवर सरळ धरला की वर छत येतं आणि खाली पाय कापले जातात. म्हणून लोक झुकवतात. खुर्चीवर बसून, कंबरेच्या उंचीला धरून, चार पावलं मागे सरकून फोटो काढला की काम होतं. एखादा फोटो झुकवून काढलाय की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. मागच्या दाराच्या किंवा खिडकीच्या उभ्या चौकटी बघायच्या. त्या खाली जाता जाता एकमेकींजवळ येत असतील, तर त्या फोटोवर पट्टी लावू नये.

आता उरलेला सव्वा इंच. त्याचं कारण जास्त मूळचं आहे, आणि ते कितीही चांगला फोटो काढला तरी जात नाही. समोरून काढलेल्या फोटोत रुंदी दिसते. कपड्याला लागतो तो घेर. रुंदी आणि घेर यांच्यामध्ये आणखी एक माप आहे, छातीपासून पाठीपर्यंतची जाडी, आणि ते समोरच्या फोटोत कुठेच नसतं. दोन बायका समोरून अगदी सारख्या, दोघींची रुंदी ३२ सेंटिमीटर. एकीची जाडी २२, दुसरीची २६. छातीचा छेद लंबगोल धरला, तर पहिलीचा घेर येतो साडेपंच्याऐंशी सेंटिमीटर, म्हणजे पावणेचौतीस इंच, आणि दुसरीचा सव्वाएक्क्याण्णव, म्हणजे छत्तीस इंच. जाडीत चार सेंटिमीटरचा फरक, आणि कपड्याचा एक पूर्ण नंबर बदलला. कारण नंबर बदलतो दोन इंचांनी, लॅम्प्रीच्या चौकोनाएवढा. खरी छाती लंबगोल नसते हे कुणीही शिंपी सांगेल, टेप पुढच्या उंचवट्यांवरून ताणून जातो, त्यामुळे घोळ याहून थोडा वाढतोच.

मग लेकीने जाडी धरली कशी? तिने रुंदीच्या पाऊणपट धरली. अंदाज वाईट नव्हता. बऱ्याच लोकांना तो लागू पडेल. मामीला पडला नाही, कारण मामी पाठीने सपाट आहे. सगळ्यांची सरासरी बरोबर असली, तरी कुर्ता एकाच माणसाला घालायचा असतो.

आणि हे सगळं धरून की फोटोत अंग दिसतंय. मामीच्या अंगावर होती साडी. पदर खांद्यावरून छातीवर, निऱ्यांचा फुगवटा पोटावर. साडीत कंबर कुठे आहे हे कुणाला दिसतं? साडी नेसायची ती मुळी अंगाचा अंदाज येऊ नये म्हणून, असं आमची आजी म्हणायची. सैल गाऊन, ओढणी, पुरुषांचा बाहेर सोडलेला शर्ट, या सगळ्यांची गोष्ट तीच. फोटोवरून माप काढणाऱ्या ॲप्सना ही अडचण माहीत असते, म्हणून ती अंगाबरोबर बसणारे कपडे घालून, समोरून आणि बाजूने असे दोन फोटो मागतात. बाजूचा फोटो घेतला की ती हरवलेली जाडी सापडते. १८६९ साली हक्स्लेने मागितले होते तेच दोन फोटो. पण अंगाबरोबरचे कपडे घालून बाजूने उभं राहायला पासष्टीची मामी का तयार होईल? नव्हतीच झाली. "आता या वयात मी कुणाला फोटो काढू देऊ, सांग!" असं म्हणून तिने तो विषयच मिटवला. हक्स्लेचं घोडं जिथे अडलं तिथेच हेही अडलं. मामीला निदान नाही म्हणता आलं.

जपानमध्ये एका कपड्यांच्या कंपनीने यावर मोठा खटाटोप केला. झोझो नावाच्या या कंपनीने २०१८ मध्ये गिऱ्हाइकांना एक अंगाला चिकटणारा काळा पोशाख पाठवायला सुरुवात केली, त्यावर पांढरे ठिपके. तो घालून मोबाइलसमोर हळूहळू गोल फिरायचं, आणि मोबाइल ठिपके मोजून अंगाचा आकार काढणार. कल्पना अगदी शास्त्रशुद्ध. जाळी मागे ठेवण्याऐवजी अंगावरच चढवली, म्हणजे जवळ-लांबचा घोळ मिटला, आणि गोल फिरल्यामुळे जाडीही मिळाली. तरीही तो पोशाख वाटणं कंपनीने लवकरच आवरतं घेतलं. मला त्यात बघण्यासारखं वाटतं ते एवढंच, की फोटोवरून खरोखर माप काढायचं मनावर घेतलं की माणूस फिरून लॅम्प्रीच्या चौकोनांपाशीच येतो.

आता शेवटचा भाग. समजा फोटोवरून माप अगदी दोऱ्यात बरोबर निघालं. ३४ म्हणजे ३४. तरी कुर्ता बरोबर येईल याची खात्री आहे का? नाही. कारण ३४ ला कुठला नंबर, हे ठरलेलं नाही.

याचाही इतिहास टपालाने कपडे मागवण्याशीच जोडलेला आहे. अमेरिकेत कॅटलॉग बघून पत्राने कपडे मागवायची पद्धत जुनी, आणि न बसलेले कपडे परत येण्याची डोकेदुखीही तितकीच जुनी. तिथल्या शेतकी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची जवळजवळ साठ, सगळी टेप आणि कॅलिपर लावून. पण हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. पुढे टपालाने माल विकणाऱ्यांच्या संघटनेनेच सरकारच्या मागे लागून नंबरांची एक ठरीव पद्धत मागितली, ती १९५८ मध्ये आली. ती कंपन्यांना पाळायची सक्ती नव्हती, माणसंही बदलत गेली, नंबर मात्र विकणाऱ्याच्या सोयीने सैल होत गेले, आणि १९८३ मध्ये ती पद्धत रद्दच झाली. तेव्हापासून ज्याचा त्याचा नंबर वेगळा.

आपल्याकडे तर अशी पद्धत आधी नव्हतीच. मराठी माणसांची मापं कुणी घेतली नाहीत असं नाही. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातल्या लोकांची शरीरमापं घेतली आणि १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजने ती पुस्तकरूपाने छापली. पण तो अभ्यास मानववंशाचा होता. उंची, डोकं, नाक यांवर त्याचा भर, शर्टाची बाही किती हा त्याचा प्रश्नच नव्हता. तयार कपडे आले तेव्हा त्यांचे नंबर आले बाहेरून, आणि मग ज्या त्या कंपनीने आपापल्या परीने ते वाकवले. निफ्ट या सरकारी संस्थेने २०१८ च्या सुमारास भारतीय अंगाचे नंबर ठरवण्याचं काम हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरांत मिळून पंचवीस हजार लोकांची मापं यंत्राने घ्यायची असा तो बेत होता. त्यातही यंत्र माणसाभोवती चारी बाजूंनी बघतं, एका फोटोवर भागवत नाही.

त्यात आणखी एक खोच आहे. वेबसाइटवरच्या तक्त्यात ३८ लिहिलेलं असतं, ते अंगाचं माप की कपड्याचं? ३४ छातीच्या बाईला सैलसर कुर्ता हवा तर कापड ३७-३८ लागतं. तक्ता कपड्याचा असेल तर तिने ३८ घ्यायचा, अंगाचा असेल तर ३४. हे तक्त्याच्या वर बारीक अक्षरात असतं, आणि कधीकधी नसतंच. आमच्या राम आळीतल्या शिंप्याकडे हा घोटाळा होत नाही, कारण तो अंगाचं माप वहीत लिहितो आणि सैलपणा स्वतः धरतो. शिवाय शिवणीत आत माया ठेवतो. दोन वर्षांनी बाई अंगाने भरली तर उसवून अर्धा-पाऊण इंच सोडता येतो. तयार कपड्यात माया नावापुरती. कापड वाचवायचं असतं ना. त्यामुळे अंदाज चुकला तर सैल कुर्ता आत घेता येतो, घट्ट आलेला मात्र सोडता येत नाही. लेकीने मोठा नंबर घेतला हे त्या दृष्टीने शहाणपणाचंच झालं. मामीचा तंबू शेवटी शिंप्याने दोन्ही बाजूंनी आत घेऊन, खांदे उतरवून, मुंढा नव्याने कापून घालण्याजोगा केला. शिलाई कुर्त्याच्या किमतीच्या निम्मी झाली, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या कुर्त्याच्या वेळी आम्ही फोटोच्या वाटेला गेलो नाही. मामीच्या कपाटातला मापाचा ब्लाऊज काढला, हुक लावून पलंगावर सपाट पसरला, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावला. सतरा इंच. दुप्पट चौतीस. तिच्या शेजारणीचा एक कुर्ता मामीला बरा बसत होता, तोही तसाच पसरून मोजला. साडेअठरा, म्हणजे सदतीस. खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत चौदा. हे तीन आकडे लेकीला कळवले. तिने कपड्याचं माप देणारा तक्ता शोधला, त्यात सदतीसच्या जवळचा नंबर घेतला, आणि कुर्ता बसला. सपाट पसरलेल्या कपड्यात जाडी हरवत नाही, कारण पुढचा आणि मागचा भाग एकावर एक येऊन सगळा घेर त्या रुंदीत उतरलेला असतो. जवळ-लांबचा प्रश्न येत नाही, मोबाइल झुकायचा प्रश्न येत नाही, आणि कुणाला पदर खाली घेऊन उभं राहावं लागत नाही.

फोटो अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. उंची किती, खांदे उतरते आहेत का, पोट सुटलंय का, कुर्ता गुडघ्याच्या वर शोभेल की खाली, रंग कुठला खुलेल, हे फोटोत छान कळतं आणि ब्लाऊजात कळत नाही. तेव्हा परदेशातल्या आणि पुण्या-मुंबईतल्या तमाम लेकी-सुनांना, जावयांना आणि भाच्यांना एवढंच सांगणं, की फोटो जरूर मागवा, बघायला म्हणून. नंबर ठरवायला मात्र एक जुना कपडा आणि टेप. मामीचं विमान परवा पहाटे मुंबईहून आहे, दोन्ही कुर्ते बॅगेत गेलेत, आणि मापाचा ब्लाऊजही. "तिकडे शिंपी भेटला तर?" म्हणाली.